गोलाच्या कडेवरची अक्षरं

थायलंडहून येणारा नारळाच्या दुधाचा डबा आमच्या गोदामात नेहमी असतो. नव्या माणसाला काम शिकवताना मी आधी तोच हातात देते. डब्याचा बारकोड ८८५ ने सुरू होतो. त्यावर उभ्या रेघांच्या पार्श्वभूमीवर अरबी अक्षरं असलेली शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. दुसऱ्या बाजूला पोषणमूल्यांच्या तक्त्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा एक गोल असतो आणि गोलात इंग्रजी यू. मग मी विचारते, या डब्यावर किती देश आहेत? बहुतेक जण ‘एक’ म्हणतात, कारण ‘थायलंडमध्ये तयार केलेले’ हे त्यांनी आधीच वाचलेलं असतं.

देश दोन आहेत. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण थायलंडच्या मध्यवर्ती इस्लामी परिषदेची, म्हणजे हलाल प्रमाणपत्र देणारी संस्था थाईच आहे. गोलातला यू मात्र न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स युनियनचा. नारळ थायलंडचा, कारखाना थायलंडचा, पण माल कोशर असल्याचं सांगणारी संस्था अमेरिकेतली. बारकोडचे पहिले तीन आकडे तर यांपैकी काहीच सांगत नाहीत. कंपनीने आपला क्रमांक कोणत्या देशाच्या जीएस-वन संस्थेकडून घेतला एवढंच त्यांतून कळतं. माल कुठे बनला किंवा प्रमाणपत्र कोणी दिलं याच्याशी त्यांचा संबंध नाही.

दुबईत खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या एका कंपनीत मी लेबलं तपासते. माल जहाजावर चढण्याआधी पुरवठादार लेबलाचे फोटो आणि कागद पाठवतो. ते बघून ‘हे इथे उतरेल’ किंवा ‘हे थांबवा’ असं सांगणं हे माझं काम. मांस, कोंबडी, जिलेटीन, प्राणिज चरबी यांपैकी काही मालात असेल तर संयुक्त अरब अमिरातीत मान्यता असलेल्या संस्थेचं हलाल प्रमाणपत्र लागतं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्या यादीत संस्थेचं पूर्ण नाव, देश आणि तिला कोणत्या कामापुरती मान्यता आहे ते दिलेलं असतं. त्यामुळे लोगो दिसला की माझा पहिला प्रश्न ‘हलाल आहे का’ असा नसतो. हे कोण म्हणतंय आणि ते कुठले, हे मला आधी कळायला हवं.

हलालच्या लोगोंमध्ये नजर सगळ्यात आधी मधल्या अरबी शब्दावर जाते, आणि देश शोधायचा असेल तर नेमकी तीच जागा बिनकामाची. तो शब्द ब्राझीलच्या लोगोत असतो, दक्षिण आफ्रिकेच्या असतो, कोरियाच्याही असतो. अरबी अक्षरं दिसली म्हणून संस्था अरब देशातली असेल असं मुळीच नाही. अरब देशांत येणाऱ्या मालावरचे बहुतेक हलाल लोगो बाहेरच्या देशांतलेच असतात, कारण माल जिथे बनतो तिथलीच किंवा जवळपासची संस्था तपासणी करते. म्हणून मी नव्या माणसाला सांगते, मधला शब्द सोड, गोलाच्या कडेवरून बोट फिरव.

मलेशियाचा लोगो शिकायला सगळ्यात सोपा. मध्ये आठ टोकांचा तारा आणि त्यात हलाल. बाहेरच्या कड्यावर एका बाजूला रोमन लिपीत मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव अरबी लिपीत. दोन्हींच्या मध्ये पाच टोकांचे दोन छोटे तारे. देशाचं नाव कड्यावरच छापलेलं असल्यामुळे शंका उरत नाही. पण हा लोगो इतका प्रसिद्ध आहे की आठ टोकांचा तारा आणि भोवती कडं ही रचना इतरही बऱ्याच संस्थांनी उचलली आहे. लांबून सगळे सारखेच दिसतात. कडं वाचल्याशिवाय ‘मलेशियाचा दिसतोय’ असं कोणी म्हणालं तर मी ते धरत नाही.

इंडोनेशियाच्या बाबतीत दोन पिढ्या लक्षात ठेवाव्या लागतात. जुना लोगो हिरवा आणि गोल, कडेने ‘मजलिस उलामा इंडोनेशिया’ हे नाव. ही तिथल्या उलेमांची परिषद. २०१४ च्या कायद्याने हलाल प्रमाणपत्राचं काम सरकारी यंत्रणेकडे गेलं आणि मार्च २०२२ पासून नवा लोगो आला. तो जांभळा आणि वर निमुळता होत जाणारा आहे. जावातल्या छायाबाहुल्यांच्या खेळात पडद्यावर पर्वताची जी आकृती उभी करतात तिच्यावरून तो घेतला आहे, आणि हलाल शब्दाची अरबी अक्षरंच त्या पर्वताच्या आकारात बसवली आहेत. ज्यांना फक्त हिरवे गोल माहीत असतात त्यांना हा हलालचा लोगो आहे हेच पहिल्यांदा उमगत नाही. खाली ‘हलाल इंडोनेशिया’ लिहिलेलं असतं, पण छोट्या पाकिटावर ते वाचायला भिंग लागतं.

आणि काही खुणांवर नाव नसतंच. चंद्रकोरीत इंग्रजी एम असलेली खूण युरोपच्या मालावरही दिसते आणि आशियाच्याही. ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या इफान्का या संस्थेची. हे खुणेत कुठेही लिहिलेलं नाही, ते माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर मी व्यापारचिन्हांच्या नोंदी बघते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँडचा खुला शोध आहे. त्यात चित्र टाकून मिळतीजुळती चिन्हं काढता येतात. फोटोतून फक्त लोगो कापून घ्यायचा, रंग काढून काळा-पांढरा करायचा आणि शोधायचं. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. एकच चिन्ह दहा-पंधरा देशांत नोंदवलेलं असतं, त्यामुळे निकालात पहिली नोंद ज्या देशाची आली तो देश आपला नव्हे. नोंद उघडून मालकाचा पत्ता बघायचा. तो पत्ता ज्या देशाचा, तिथून पुढे संस्थेचा माग काढायचा.

कोशरच्या खुणांमध्ये ही नाव नसण्याची अडचण तर नेहमीचीच. तिथे एखाद-दुसरं अक्षर आणि एखादा आकार एवढंच असतं. गोलातला यू १९२३ साली हाइन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर आला आणि तेव्हापासून अमेरिकी मालावर अशी छोटी खूण छापण्याची पद्धतच पडली. गोलातला के ब्रुकलिनचा. चांदणीतला के बाल्टिमोरचा. एका हिब्रू अक्षराच्या पोटात के असलेली खूण न्यू जर्सीतल्या टीनेकची. त्रिकोणात सी-आर-सी शिकागोचं. लंबगोलात सी-ओ-आर टोरांटोचं, आणि त्याच्या शेजारी बहुधा एक क्रमांक असतो. के-एल-बी-डी लंडनचं.

चांदणी किंवा हिब्रू अक्षर दिसलं की लोक लगेच इस्रायल म्हणतात. वरच्या यादीतली चांदणीही अमेरिकेची आणि हिब्रू अक्षरही अमेरिकेचं. इस्रायलच्या संस्थांच्या खुणांमध्ये साधारणपणे हिब्रू मजकूर भरपूर असतो, एखाद्या अक्षरावर भागत नाही. कोणत्या गावच्या रब्बींची देखरेख आहे तेही पुष्कळदा शब्दांत लिहिलेलं असतं. हिब्रू वाचता येत नसेल तर फोनवरच्या भाषांतराने गावाचं नाव तरी निघतं, आणि देश ठरवायला तेवढं पुरतं.

खुणेशेजारची अक्षरंही देशाची नव्हेत. डी म्हणजे दुग्धजन्य आणि गोलातल्या यू शेजारचा पी म्हणजे वल्हांडणाच्या सणाला चालणारं. डी छापतात कारण कोशरमध्ये दूध आणि मांस वेगळं ठेवावं लागतं. हा नियम अलिबाग-पेणकडच्या लोकांना बेने इस्रायल शेजाऱ्यांमुळे ठाऊक असतो. बाकीच्यांना डी दिसला की डेन्मार्क आठवतो.

एम-के या अक्षरांशी मात्र जपून. मॉन्ट्रियलची कोशर संस्था ही अक्षरं वापरते आणि मँचेस्टरची बेथ दिनही. लोगो बारीक छापलेला असेल आणि अक्षरांची मांडणी नीट दिसत नसेल तर मी पाकिटाच्या भाषा बघते. इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर त्याच आकारात असेल तर माल कॅनडाच्या बाजारासाठी छापलेला आहे आणि मॉन्ट्रियलची शक्यता मोठी. पण ही शक्यताच. खातरजमा त्या संस्थेच्या उत्पादनांच्या यादीतच होते. आणि नुसता के असेल, ना गोल ना चांदणी, तर शोधच थांबतो. एकटं साधं अक्षर सहसा कोणाच्या मालकीचं चिन्ह होत नाही, त्यामुळे ते कोणीही छापू शकतं. त्यामागे खरोखर एखादे रब्बी असतील किंवा नसतीलही. उत्पादकाला पत्र लिहून ‘तुमच्या के मागे कोण आहे’ असं विचारणं एवढाच मार्ग. पाकिटावरून देश काढायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

आता ज्या मालाने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याबद्दल.

मार्शमॅलोची पाउचं होती, चीनमध्ये बनवलेली, बारकोडही तिकडचाच. घटकांमध्ये गायीचं जिलेटीन. पाठीमागे हिरवा गोल, मध्ये अरबीत हलाल, कडेने रोमन अक्षरं. हे पाउच मागच्या बाजूला एक कड दुसरीवर चढवून चिकटवतात, आणि लोगो नेमका त्या जोडावर आला होता. कड्याचा उजवा चतकोर भाग जोडाखाली गेलेला. सुरुवातीला ‘इस्लामिक’ वाचता येत होतं, पुढचे दोन शब्द पुसट, आणि शेवटच्या शब्दाची अक्षरं होती ए, यू, एस, टी. त्यानंतर जोड.

पुरवठादाराने कागदांमध्ये जे प्रमाणपत्र जोडलं होतं ते ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेचं होतं. लोगोवर ए-यू-एस-टी, प्रमाणपत्र ऑस्ट्रेलियाचं, संस्थेचं नाव मान्यताप्राप्त यादीत. आमच्या क्लिअरिंग एजंटच्या मते विषय तिथेच संपला होता. पण ऑस्ट्रेलियाची सुरुवातीची अक्षरं आणि ऑस्ट्रियाची सुरुवातीची अक्षरं एकच आहेत. दोन्हीकडे हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, आणि युरोपात विकला जाणारा चिनी माल ऑस्ट्रियातल्या संस्थेकडून प्रमाणित होणं काही नवलाचं नाही.

मी नमुन्याच्या कार्टनमधली सगळी पाउचं टेबलावर मांडली. छपाईचा रोल यंत्रावर थोडा इकडे-तिकडे सरकतो, त्यामुळे जोड प्रत्येक पाउचवर अगदी त्याच ठिकाणी येत नाही. दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. एका पाउचवर टी च्या पुढे आणखी एक अक्षर दिसलं. ते आर होतं. आणि आर दोन्ही नावांत आहे. सहावं अक्षर हवं होतं, तिथे ए असेल तर एक देश, आय असेल तर दुसरा.

आमच्या गोदामातले एक केरळी सहकारी पूर्वी पॅकिंगच्या कारखान्यात होते. ते हिंदीत म्हणाले, “मॅडम, जोड ओढू नका, ओढला तर छपाई फाटेल. गरम करा.” त्यांनी पाउच रिकामं केलं, आत जाड पुठ्ठा सरकवला, केस वाळवायच्या यंत्राने जोडावर अर्धा-पाऊण मिनिट गरम हवा सोडली आणि वरची कड कोपऱ्यातून हलक्या हाताने उचलत नेली. गोंद मऊ झाल्यावर प्लास्टिकची पट्टी सावकाश सुटत गेली. खालच्या कडेवर कड्याचा उरलेला भाग शाबूत होता. आर च्या पुढे आय, मग ए, आणि शब्द संपला. ऑस्ट्रिया.

म्हणजे पाकिटावरची संस्था एका देशाची आणि कागदावरची दुसऱ्याच देशाची. याची दोनच सरळ कारणं असू शकतात. एकतर लोगो कुठून तरी उचलून चिकटवला आहे, किंवा कारखान्याने संस्था बदलली आहे आणि जुना छापील रोल अजून संपवला जातोय. पहिली शक्यता तपासायला मी भिंगाखाली छपाई बघितली. मूळ आराखड्यातून छापलेल्या लोगोच्या अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात आणि रंग एकसलग असतो. दुसऱ्या पाकिटाचा फोटो काढून बसवलेल्या लोगोत अक्षरांच्या कडेला ठिपक्यांची झालर दिसते आणि पांढऱ्या जागेत किंचित मळकट छटा येते. इथे कडा स्वच्छ होत्या. लोगोखाली एक क्रमांकही होता. चोरलेल्या लोगोखाली क्रमांक सहसा नसतो, आणि असला तर तो दुसऱ्याच कंपनीचा निघतो.

मग ऑस्ट्रियातल्या संस्थेला तो क्रमांक आणि कारखान्याचं नाव कळवून मेल लिहिला. अशा मेलमध्ये मी प्रश्न एकच ठेवते: या क्रमांकाचं प्रमाणपत्र कोणाला, कोणत्या उत्पादनांसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत दिलं होतं? ‘हा लोगो खरा आहे का’ असं विचारलं तर ‘हो’ असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. उत्तर आलं. क्रमांक याच कारखान्याचा होता, मार्शमॅलोसाठीच होता, पण मुदत संपली होती आणि नूतनीकरण झालं नव्हतं. आमच्या मालाची उत्पादन तारीख त्या मुदतीनंतरची होती. पुरवठादाराला हे कळवल्यावर त्याने सरळ मान्य केलं, संस्था बदलली आहे आणि जुन्या रोलचा साठा बराच उरलाय.

माल हलाल नव्हता असा याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाचं प्रमाणपत्र चालू होतं आणि उत्पादन तारीख त्याच्या मुदतीत बसत होती. पण दुकानात पाउच हातात घेणारी बाई आमची फाइल बघणार नाही, ती लोगो बघणार. ज्या संस्थेने या मालाची तपासणी केलेलीच नाही तिच्या नावावर तिने विश्वास ठेवायचा, हे मला पटणारं नव्हतं. शिवाय तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लोगो आणि कागद शेजारी ठेवले असते तर माल तिथेच अडला असता. आम्ही दोन पर्याय दिले: जुना लोगो पूर्ण झाकेल असं स्टिकर कारखान्यातच लावून पाठवा, नाहीतर नव्या रोलवर छापून पाठवा. त्याने स्टिकर निवडलं. स्टिकरचा नमुना मागवून मी तो नखाने ओढून पाहिला. सहज निघणारं स्टिकर असेल तर खालचा लोगो दुकानात पुन्हा वर येतो. पहिला नमुना निघाला, दुसरा टिकला.

एवढं झाल्यावरही एक दुवा राहिला होता, आणि तो लोगोवर कधीच दिसत नाही. मार्शमॅलो चीनचं, तपासणी ऑस्ट्रेलियाच्या संस्थेची, पण जिलेटीन ज्या जनावरांचं त्यांची कत्तल कुठे झाली? जिलेटीनच्या पोत्याबरोबर त्याचं स्वतःचं हलाल प्रमाणपत्र येतं. मागवल्यावर ते ब्राझीलच्या एका संस्थेचं निघालं. इथे यादीतला तो ‘कोणत्या कामापुरती मान्यता’ हा रकाना बघावा लागतो. एखाद्या संस्थेला फक्त प्रक्रिया केलेल्या मालासाठी मान्यता असते, कत्तलीसाठी नसते. नाव आणि देश जुळला म्हणून काम होत नाही. ब्राझीलच्या त्या संस्थेला कत्तलीसाठी मान्यता होती, म्हणून साखळी पूर्ण झाली.

आणखी एक अडचण अलीकडे वारंवार येते. मोठ्या संस्था आता अनेक देशांत शाखा काढतात. लोगो तोच, प्रमाणपत्राच्या तळाशी पत्ता मात्र शाखेचा. मान्यता दिली जाते ती विशिष्ट देशात नोंदलेल्या विशिष्ट संस्थेला, लोगोला नाही. मुख्य संस्थेला मान्यता आहे म्हणून तिच्या शेजारच्या देशातल्या शाखेचं प्रमाणपत्र आपोआप चालत नाही. अशा वेळी लोगोवरून देश काढणं पुरेसं होत नाही. प्रमाणपत्रावरची सही कोणत्या कार्यालयातली, शिक्क्यात कोणतं शहर आहे आणि नोंदणी क्रमांक कोणत्या देशाचा, हे तिन्ही एकाच ठिकाणी जुळावं लागतं. सही आणि शिक्का वेगवेगळ्या देशांतले निघाले तर मी मुख्य कार्यालयाला विचारते की हे प्रमाणपत्र तुमच्या नावावर धरायचं की शाखेच्या, आणि लेखी उत्तर येईपर्यंत माल जहाजावर चढवू देत नाही. पुरवठादार कुरकुर करतात, कारण कंटेनर बुक झालेला असतो. पण बंदरात अडकलेल्या कंटेनरचं भाडं रोज चढतं, आणि तिथून माल परत पाठवायची वेळ आली तर त्याचा खर्च मेलच्या दोन दिवसांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

मार्शमॅलोचा तो पुरवठादार आता नवा आराखडा छपाईला देण्याआधी आम्हाला दाखवतो. त्यात लोगो जोडापासून दोन सेंटिमीटर आत आणलाय आणि कड्यावरच्या अक्षरांची उंची वाढवली आहे. त्यामुळे पुढच्या वेळी संस्था बदलली तर जुना रोल ओळखायला गरम हवेची गरज पडणार नाही.